नमुन्याचं प्रकरण

इंग्रजी प्रकाशकाला मराठी कादंबरी दाखवायची, तर अख्खी कादंबरी कुणी मागत नाही. मागतात ते पहिलं प्रकरण, फार तर पंधरा-वीस पानं. सोबत शेवटासकट कथासार, लेखकाची परिच्छेदभर ओळख आणि भाषांतराची परवानगी कुणी दिली त्याचा कागद. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा असतो आणि लेखक गेल्यावरही तो पुढं ६० वर्षं टिकतो, त्यामुळे हा कागद सगळ्यात आधी हवा. माझ्या लेखिकाबाई हयात आहेत, कोल्हापुरात असतात. त्यांनी फोनवर "करा की" एवढं म्हणून परवानगी देऊन टाकली. मी ती नंतर लेखी मागून घेतली. कादंबरीचं नाव सांगत नाही. करार अजून व्हायचाय.

नमुना जिच्याकडे जाणार होता ती संपादिका दिल्लीत बसते, बंगाली आहे, मराठी तिला येत नाही. म्हणजे मूळ पान उघडून ताडून बघायची सोय नाही. इंग्रजी वाक्य अडखळलं, तर ते भाषांतरात अडखळलं की मुळातच तसं आहे, हे तिला कळायला मार्ग नाही. ती सरळ कादंबरीच अडखळती आहे असं धरणार आणि पुढचा नमुना उघडणार. दुसरीकडे, मी सगळं गुळगुळीत करून दिलं तर तिला आवडेल, पण ती जी विकत घेईल ती कादंबरी बाईंनी लिहिलेली नसेल.

कादंबरी अशी सुरू होते: 'आबा गेले तेव्हा मी मांजराला दूध घालत होते. वाटी तशीच ठेवून उठले.' सोपं आहे. मीही पहिल्या फटक्यात लिहून टाकलं: 'व्हेन आबा डाइड आय वॉज पुटिंग आउट मिल्क फॉर द कॅट.' मृत्यू आधी, मांजर शेवटी, हा क्रमही राहिला. आबा म्हणजे वडील, आजोबा की चुलते, हे मराठी वाचकालाही दुसऱ्या पानापर्यंत कळत नाही, त्यामुळे तिथं काही सांगायची गरज नव्हती.

पण 'होते' गेलं. मराठी वाचकाला पहिल्याच वाक्याच्या शेवटी समजलेलं असतं की सांगणारी मुलगी आहे. इंग्रजीतलं 'आय वॉज' काहीच सांगत नाही. (माझ्या क्रियापदांवरून तुम्हालाही एव्हाना माझ्याबद्दल एक गोष्ट कळली असेल, ती मी मुद्दाम सांगितलेली नाही.) आता, सांगणारा मुलगा की मुलगी हे थोडा वेळ अधांतरी राहिलं तर एरवी काही बिघडत नाही. या प्रकरणात बिघडतं. दुसऱ्या पानावर तिरडी उचलतात, ती मागोमाग निघते, आणि दारात तिला अडवतात. का अडवतात, हे बाईंनी लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नाही. पण ज्याच्या डोक्यात दीड पानभर दहा वर्षांचा मुलगा उभा आहे, तो वाचक तिथं गोंधळतो, आणि नेमक्या त्या क्षणी गोंधळणं म्हणजे प्रसंग हातचा जाणं.

माझी शंका खरी की उगाच, हे बघायला ती दोन पानं मी मराठी न येणाऱ्या एका मित्राला वाचायला दिली. दाराच्या प्रसंगापाशी तो थांबला आणि म्हणाला, "त्याला का जाऊ देत नाहीत?" 'त्याला'. झालं.

मग खुणा शोधायला लागलो. चौथ्या परिच्छेदात अर्धी राहिलेली वेणी आहे, पण ती उचलून वर आणणं म्हणजे बाईंचा परिच्छेद मोडणं. 'मी, त्यांची नात' असं पहिल्या वाक्यात घुसडलं तर मुलगी साक्षीपुराव्याला उभी राहिल्यासारखी बोलायला लागते, शिवाय आबा कोण हेही वेळेआधी फुटतं. शेवटी दुसऱ्या वाक्यात तिला परकराला हात पुसायला लावले. वाटी ठेवली, परकराला हात पुसले, उठली. मुळात हात पुसणं नाही. बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुसलेच असतील की तिनं. दूध सांडलं होतं ना." सांडल्याचं कादंबरीत कुठंही नाही, पण मी वाद घातला नाही.

ही भर घातली असं मी मानत नाही. क्रियापदाच्या शेपटीत जी माहिती होती ती परकरावर आली, आणि जवळपास त्याच जागी आली. या सगळ्या कामात मला हाती धरायला एकच कसोटी सापडली आहे: मराठी वाचकाला जी गोष्ट ज्या ठिकाणी कळते, ती इंग्रजी वाचकाला साधारण तिथंच कळायला हवी. आधी नाही, नंतरही नाही. शब्द मग इकडचे तिकडे झाले तरी चालतील.

याच कसोटीवर संपादिकेच्या समासातल्या शेऱ्यांचीही वाटणी झाली. नमुना परत आला तेव्हा जागोजागी 'हे कोण?' असं विचारलेलं होतं. पहिल्या चार पानांत घरातली डझनभर माणसं येतात, आणि त्यातला वसंतकाका एकाचा भाऊजी, दुसऱ्याचा अण्णा आणि म्हातारीचा वश्या असतो. मराठी वाचक कोण कुणाला काय म्हणतं त्यावरून नातं लावून घेतो, त्याला ते कष्ट वाटतच नाहीत. इंग्रजीत तेच तीन वेगळे पुरुष होतात. म्हणून निवेदनात त्याला सगळीकडे वसंतकाका केलं आणि बाकीची नावं फक्त संवादात, बोलणारं माणूस समोर असेल तिथंच ठेवली. पण 'आबा कोण?' या शेऱ्याला मी 'दुसऱ्या पानापर्यंत थांबा' असं उत्तर दिलं, कारण मराठी वाचकही थांबतो. वंशवृक्ष जोडू का, असं तिनं विचारलं होतं. पुस्तकात बघू म्हटलं. पंधरा पानांच्या नमुन्याला वंशवृक्ष लावला की वाचणाऱ्याला आधीच घाम फुटतो.

आबांच्या दिनक्रमाचा एक परिच्छेद आहे: पहाटे उठत, विहिरीवर जात, येताना दोन फुलं तोडत, एक कानावर ठेवत, असं करत करत एकच लांब वाक्य. हा रीतिभूतकाळ मराठीत कसा झुलत जातो! इंग्रजीत प्रत्येक क्रियापदामागं 'वुड' लावलं की तो झोपाळा न राहता खडबडीत रस्त्यावरची एसटी होते. यावर जुनाच उपाय आहे. सुरुवातीला 'एव्हरी मॉर्निंग' आणि एकच 'वुड', पुढची सगळी क्रियापदं साध्या भूतकाळात. वाचक रोजचंच चाललंय असं धरून चालतो. वाक्य मात्र मी तोडलं नाही. संपादिकेनं दोन ठिकाणी पूर्णविराम सुचवले होते, ते नम्रपणे परत केले. आबा गेल्यावर पुढची वाक्यं तुटक होतात. आधीचं लांब नसेल तर ती तुटल्याचं कुणाला कळणार?

खरं अडलं ते प्रकरणाच्या शेवटाला. तेराव्याच्या रात्री जमिनीच्या कागदांवरून बोलणं निघतं. काकू वसंतकाकाची मोठी भावजय. जन्मभर त्याला 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणत आलेली. ती कागद हातात घेते, वाचते, आणि म्हणते, "काय केलंस तू हे?" पुढचं वाक्य: 'सगळे गप्प झाले.' प्रकरण संपलं.

इंग्रजीत 'यू' दोघांनाही एकच. 'व्हॉट हॅव यू डन?' हे तर कुणीही कुणालाही म्हणतं, त्यात सगळ्यांनी गप्प व्हायचं काय कारण? संपादिकेनं नेमकं हेच विचारलं. फोनवर तिला सांगितलं की काकू 'तुम्ही'वरून 'तू'वर आली आहे, तशी ती पलीकडे "ओ!" म्हणून क्षणभर थांबली. बंगालीत तुई, तुमि, आपनि अशा तीन पायऱ्या आहेत. तिला समजावून सांगायला काही उरलंच नाही. गंमत अशी की मुलगा-मुलगीच्या बाबतीत तिची भाषा तिच्या मदतीला आली नव्हती, कारण बंगाली क्रियापदाला लिंग नाही. पण पुस्तक घेणारे सगळे काही बंगाली नसतात.

तिनं सुचवलं, काकूला त्याचं नाव घेऊ दे. 'वसंता' असं एकेरी हाक मारलं की इंग्रजीतही धक्का बसेल. इंग्रजी वाक्य म्हणून ते उत्तम होतं. बाईंना विचारलं, तर त्यांचा आवाजच बदलला. "ती त्याचं नाव जन्मात घेणार नाही. 'तू' तिच्या तोंडातून निसटलंय. नाव घेतलं तर ते ठरवून होईल." बरोबर होतं त्यांचं. 'काकू आजवर त्याला असं कधी बोलली नव्हती' हे वाक्य निवेदनात घालणं हा दुसरा मार्ग. तो मी सोडून दिला, कारण मग ते कळणं वाचकाचं राहत नाही, आपण ते त्याच्या ताटात वाढतो.

शेवटी जे केलं ते असं. प्रकरणात काकू त्याच्याशी आधी चारदा बोलते, मुळात त्यातल्या एकाच ठिकाणी 'भाऊजी' आहे. इंग्रजीत मी चारही ठिकाणी वाक्याच्या तोंडाशी 'भाऊजी' ठेवलं, तिरपी अक्षरं न करता. पाचव्या वेळी ते काढून घेतलं. 'यू. व्हॉट हॅव यू डन?' आधी एकटं 'यू', पूर्णविराम, मग प्रश्न. काहींना ऐकू येईल, काहींना नाही. याहून जास्त काही इंग्रजी माझ्या हाती देत नाही. फ्रेंचमध्ये करत असतो तर पाच मिनिटांचं काम होतं.

आणि एक गोष्ट सपशेल सोडून दिली. निवेदनात 'मी उठले, मी गेले' असं लिहिणारी ही मुलगी संवादात मात्र खास कोल्हापुरी पोरीसारखी "मी येतो", "मी जातो की" असं बोलते. मोठी झालेली, पुण्यात शिकलेली बाई हे सगळं आठवून लिहिते आहे, हे बाईंनी त्या एका फरकातून दाखवलंय. इंग्रजीत त्याला जागाच नाही. सोबतच्या टिपणात त्यावर परिच्छेद लिहिला होता, तोही काढला. जे नमुन्यात दिसतच नाही त्याची महती गाऊन संपादिकेनं काय करायचं?

तिनं आता दुसरं प्रकरण मागितलंय. ते करतो आहे. कराराचं जमलं तर पुस्तकाचं सगळं काम झाल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा मुळापासून करावं लागेल, कारण शेवटापर्यंत गेल्याशिवाय या बाईचा इंग्रजी आवाज पुरता सापडत नाही. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग आत्ता एवढं कशाला घासत बसलाय?"