प्रायव्हेट डीएनएस, नोंद दुसरी: नाव टाकलेला फोन पहिला प्रश्न कोणाला विचारतो?

मागच्या नोंदीत फोनच्या `Private DNS` मध्ये क्वाड९ या डीएनएस सेवेचं `dns.quad9.net` हे नाव टाकलं होतं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधायचं काम त्यांच्याकडे दिलं होतं. पावसाळाभर ते तसंच ठेवलं. देवगडच्या घरचं फायबर, मोबाइल डेटा आणि गुहागरच्या एका लॉजचं वायफाय, तिन्हीकडे वापरून पाहिलं.

हे सेटिंग अँड्रॉइड ९ पासून आहे. `Off` म्हणजे जुनी पद्धत: साइटचं नाव उघड्यावर, ५३ पोर्टवरून विचारलं जातं. `Automatic` मध्ये फोन नेटवर्कने दिलेल्या डीएनएस सर्व्हरलाच ८५३ पोर्टवर टीएलएसने, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही असं, बोलता येतं का ते बघतो. नाही जमलं तर मुकाट्याने ५३ वर येतो. तिसऱ्या पर्यायात आपण नाव देतो. मग फोन त्याच सर्व्हरशी बोलतो, त्याचं प्रमाणपत्र त्या नावाशी ताडून बघतो, आणि जमलं नाही तर मागे फिरत नाही. तिथे `9.9.9.9` हा क्वाड९ चा आयपी पत्ता चालत नाही, नावच लागतं. आमच्या पावसाळ्यात नेमका इथेच पेच आला.

फायदा आधी सांगतो. आमच्या केबलवाल्याचा डीएनएस नसलेल्या साइटलाही उत्तर द्यायचा. पत्त्यात एखादं अक्षर चुकलं की जाहिरातींचं पान उघडायचं. नाव टाकल्यापासून ते पूर्ण थांबलं, कारण प्रश्न आता त्याच्या सर्व्हरकडे जातच नाही, आणि टीएलएसमुळे त्याला मधल्या मध्ये उत्तर बदलता येत नाही. मोबाइल डेटावर तर डीएनएस बदलायची दुसरी सरळ सोयच नाही, तिथे हे सेटिंग फार मोलाचं आहे.

मग एका रात्री वाऱ्यात लाइट गेली. परत आली तेव्हा राउटरचे सगळे दिवे हिरवे, पण फोनवर `Private DNS server cannot be accessed`. शेजारचे काका गडग्यापलीकडून विचारतायत, "नेट इला काय रे?" लॅपटॉपवर हे दोन प्रश्न विचारले, पहिला केबलवाल्याच्या डीएनएसला, दुसरा थेट क्वाड९ ला:

```
nslookup dns.quad9.net
nslookup dns.quad9.net 9.9.9.9
```

पहिला टाइमआउट, दुसऱ्याला लगेच उत्तर. म्हणजे लाइन ठणठणीत, केबलवाल्याचा डीएनएस तेवढा झोपलेला. आता कोणीही म्हणेल, आपण तर तो वापरतच नाही! पण वापरतो. `dns.quad9.net` हे स्वतःच एक नाव आहे. त्याचा आयपी पत्ता कळल्याशिवाय फोन तिथे पोचणार कसा? नेटवर्कला जोडताना तो पत्ता नेटवर्कच्याच साध्या डीएनएसला विचारला जातो. तो गप्प असेल तर सुरक्षित डीएनएस सर्व्हरचं दारच सापडत नाही.

उपाय राउटरमध्ये आहे. डीएचसीपीच्या पानावर प्रायमरी डीएनएस `9.9.9.9` आणि सेकंडरी `149.112.112.112` टाकला, वायफाय बंद-चालू केलं, आणि फोन जोडला गेला. पहिला प्रश्न आता थेट क्वाड९ ला जातो. केबलवाल्याने राउटरला कुलूप घातलं असेल, तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आयपी `Static` करून तेच दोन पत्ते भरता येतात.

याचा आणखी एक लाभ झाला. आईच्या फोनवर मी `Automatic` ठेवलंय. घरी राउटर क्वाड९ चा पत्ता देतो, म्हणून तिचेही प्रश्न टीएलएसने जातात. बाहेर ८५३ बंद असेल तर फोन साध्या डीएनएसवर येतो आणि तिचं काम अडत नाही. `Automatic` प्रमाणपत्राचं नाव तपासत नाही, ही त्याची उणीव. तरी तिच्यासाठी मला हेच योग्य वाटतं.

गुहागरच्या लॉजवर प्रकार वेगळा. लॉगिनचं पान उघडलं, कारण त्या पानापुरतं अँड्रॉइड प्रायव्हेट डीएनएसला वळसा घालतं. कूपन नंबर स्वीकारला गेला, आणि नंतर वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह. फोनवरच्या टर्मक्स या टर्मिनल अ‍ॅपमध्ये दोन्ही पोर्ट तपासले:

```
nc -vz -w 5 9.9.9.9 853
nc -vz -w 5 9.9.9.9 443
```

४४३ उघडा, ८५३ वर काहीच उत्तर नाही. त्यांच्या फायरवॉलने तो पोर्ट अडवलेला. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचं ८५३ वालं नाव टाकून उपयोग नसतो. मुक्कामापुरतं `Automatic` केलं आणि क्रोमचा `Use secure DNS` क्वाड९ वर लावला. तो ४४३ वरून जातो, त्यामुळे ब्राउझरपुरतं तरी झाकलेलं राहिलं. आणि एक लक्षात ठेवा: उद्गारचिन्ह असताना बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. नेट चालतंय म्हणून वायफाय ठीक आहे असं समजू नका.

एवढं करूनही जोडणीचा आयपी पत्ता आणि बहुतेक वेळा साइटचं नावही नेटवर्कवाल्याला दिसतं, कारण टीएलएसची जोडणी सुरू होताना ते नाव सहसा उघडं जातं.

घरच्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला राउटरने दिलेलं नाव मात्र माझ्या फोनवर उघडत नाही. ते नाव फक्त राउटरला ठाऊक, क्वाड९ ला कसं असणार? सध्या आयपी टाकून उघडतो. राउटरमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवणं, हे पुढचं काम.