न शिवलेलं ब्लाउज

१२ जुलै, रविवार

काल दुपारी बेळगावातल्या आमच्या साडीच्या दुकानात एक बाई आल्या. पिशवीतून मोरपंखी इरकल काढली, घडीही न मोडलेली. ह्यावर तयार ब्लाउज मिळेल का म्हणाल्या. गेल्या वर्षी घटस्थापनेदिवशी आमच्याकडूनच नेलेली. "तुमची जाहिरात बघूनच आले होते हो. पण शिवणारीनं कापड घेतलंच नाही, दसऱ्याला जुनीच नेसले. मग राहून गेलं." तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं.

कारण त्याच जाहिरातीचा आकडा मी काकांना मोठ्या दिमाखात दाखवला होता. शेवटच्या पाच दिवसांत निम्मा पैसा ओतला, गल्ला भरला. त्यातल्या किती साड्या अशाच पिशवीत पडल्या असतील? वर्षभर पोस्टर, फोटो, दोन भाषांतले मजकूर, सगळं मी एकटीनं करायचं, आणि कोणी कौतुकाचा शब्द... जाऊ दे.

आज यंदाचा आराखडा काढून बसले. अधिक ज्येष्ठामुळे सगळं अठरा-एकोणीस दिवस पुढं सरकलंय. चतुर्थी १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. मी गेल्या वर्षीच्या तक्त्यात नुसत्या तारखा बदलल्या होत्या. काकांनी पितृपक्षाच्या रकान्यावर लाल पेन्सिल मारली. "त्या पंधरवड्यात कोण साडी घेतंय ग?" खरंच आहे. आपल्याकडं पितृपक्ष, कन्नड घरांत पक्षमास, नवं कापड दोन्हीकडं नको.

पण माझं मन त्या ब्लाउजपाशीच. वडगावात दोघींना आणि शहापुरात एकीला फोन केला. तिघींचं एकच, सणाच्या आठ-दहा दिवस आधी कापड घेणं बंद. म्हणजे दसऱ्याच्या २० ऑक्टोबरला नेसायची साडी १० तारखेच्या आत शिंपिणीकडं पोचायला हवी. आणि २६ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर तर पितृपक्ष! जी बाई त्यात घेत नाही ती घटस्थापनेला येते, आणि तोवर शिंपिणीचं दार बंद झालेलं असतं. गेल्या वर्षी मी तिला नेमकी त्याच दिवशी बोलावली.

म्हणजे नवरात्राची साडी गौरीच्या साडीबरोबरच विकायला हवी, अनंत चतुर्दशीच्या आत. २४ ऑगस्टला जाहिरात सुरू करायची, खर्च हळूहळू चढवायचा आणि २५ सप्टेंबरला थांबवायचा. दोन लाखांतले ऐंशी हजार इथंच जातील. घटस्थापनेनंतर फक्त तयार ब्लाउजच्या साड्या दाखवायच्या, म्हणजे फसवल्यासारखं होणार नाही.

पितृपक्षात मात्र जाहिरात पूर्ण बंद करायची नाही, हे काकांना पटवताना घसा बसला. दिवसाला पाचशे रुपयांवर धुगधुगी ठेवायची, त्यात विक्री नाही, नुसते विणकराच्या मागाचे आणि काठपदराचे व्हिडिओ. पूर्ण बंद करून एकदम तिप्पट पैसा टाकला तर मोबाइलवर जाहिरात दाखवणारी यंत्रणा ती कोणाला दाखवायची ते नव्यानं शिकत बसते, आणि तेवढ्यात चार दिवस जातात. शेवटच्या आठवड्यात दर दोन दिवसांनी वीसेक टक्के वाढवत न्यायचं. काका म्हणाले, "म्हणजे चुलीवर राख टाकून निखारा ठेवायचा." हो काका, तेच.

दिवाळीला अडचण कमी. दसऱ्यानंतर शिंपिणी मोकळ्या होतात, म्हणून २२ ऑक्टोबरपासून आठ-दहा दिवस जोर. त्यानंतर १० नोव्हेंबरपर्यंतचा पैसा भावांवर, भाऊबीज ११ तारखेला आहे. भेट देणाऱ्याला ब्लाउजची चिंता नसते, ती बहिणीची. (माझ्या भावानं गेल्या वर्षी पाकीट दिलं. असो.)

चित्रांसाठी काकांना नऊ रंगांतल्या नऊ मॉडेल हव्यात. तो क्रम वारावर ठरतो, यंदा रविवारी नारिंगीनं सुरुवात, म्हणजे गेल्या वर्षीचे फोटो कुचकामी. शिवाय रंगासाठी बायका कपाटातलीच साडी काढतात. मला हवाय शिलाई मशीनचा फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत, "ब्लाउज शिवून हवं? २५ सप्टेंबरच्या आत या." कन्नड मजकूर गल्ल्यावरच्या अण्णांनीच लिहायचा. माझं कन्नड पोस्टर वाचून गेल्या खेपेला गिऱ्हाईक हसलं होतं.

काकांनी तीनदा वाचलं. साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत मशीन कसं काय, एवढंच म्हणाले. मग पेन्सिल कानामागं खोचत, "त्या कालच्या बाईंचं ब्लाउज शिवून दे. जाहिरात खर्चात टाक."

टाकते. पण तक्त्यात कुठल्या महिन्यात? गेल्या सप्टेंबरात टाकायला हवं.