ऑर्डर ते वसुली : उद्यमबागेतल्या फौंड्रीत क्रेडिट नोटेपाशी अडकलेला वॉकथ्रू

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑडिटमध्ये विक्रीचा वॉकथ्रू माझ्या वाट्याला आला. काम असं, की एक व्यवहार धरायचा आणि ऑर्डर आल्यापासून पैसे बँकेत पडेपर्यंत त्याच्या मागोमाग जायचं. वाटेत कोण काय तपासतो, सही कुठे करतो, ते लिहून काढायचं. मी कोल्हापूरच्या एका पंप कारखान्याला गेलेला कास्टिंगचा माल घेतला. ऑर्डर, उधारीची मर्यादा, काटापावती, बिल, ई-वे बिल हे सगळं सकाळीच उरकलं. बिलातला दर ऑर्डरशी जुळला, वजन काट्याशी जुळलं, आणि माल सीमेपलीकडे महाराष्ट्रात जात असल्यामुळे आयजीएसटी लावला होता, तोही बरोबर.

मग त्याच बिलासमोर एक क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम गिऱ्हाइकाला कमी करून दिल्याचा कागद, दिसली आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

ब्लोहोल, म्हणजे ओतकामात हवेची छिद्रं, निघाले म्हणून ३८ नग रिजेक्ट, असं तिच्यावर लिहिलं होतं. नग साडेबारा किलोचा, म्हणजे ४७५ किलो. ११० रुपये दराने ५२,२५० रुपये, त्यावर १८ टक्के कर धरून ६१,६५५. मी परत आलेल्या मालाचा कागद मागितला. डिस्पॅचवाले म्हणाले, अकौंट्सकडे असेल. अकौंट्सवाले म्हणाले, क्वालिटीकडे. क्वालिटीचे साहेब शॉपवर, आणि शॉपवरून आले की मीटिंगमध्ये. "उद्या या की ओ, कुठं पळून जातंय?" हे वाक्य मी तिथल्या प्रत्येक खुर्चीवरून ऐकलं. शेवटी अकौंटंटनी क्रेडिट नोटच पुढे केली. "क्यूआर कोड आहे की सर, पोर्टलनं पास केल्याय."

इथे बरेच जण फसतात. जीएसटीचं पोर्टल आयआरएन, म्हणजे नोंदणीचा नंबर, देतं तेव्हा फक्त कागद नोंदला जातो. फाटकातून माल आत आला की नाही, हे पोर्टलला कुठून कळणार?

मी गेटवर गेलो. सिक्युरिटीचे मामा आवक रजिस्टर कन्नडमध्ये लिहितात, पण आकडे आपलेच. परतीचा माल आणणाऱ्या गाडीसमोर नग २८, वजन ३५० किलो. दहा नग कमी. म्हणजे १२५ किलो, १३,७५० रुपयांचा माल, करासकट १६,२२५.

विचारल्यावर उत्तर आलं, "ते दहा तिकडंच भंगारात काढले ओ, कशाला भाडं घालून आणायचं?" असं होऊ शकतं, धंद्यात होतं. पण मग भंगाराची किंमत गिऱ्हाइकाकडून वसूल व्हायला हवी आणि कुणीतरी तिथे जाऊन नग बघितल्याचा कागद हवा. दोन्ही नव्हतं. फोटोही नाही, फक्त फोनवरचं बोलणं.

वॉकथ्रूमध्ये चोर पकडायचा नसतो, दार कुठे उघडं आहे ते लिहायचं असतं. इथे दार असं उघडं होतं, की क्रेडिट नोट करणारा माणूस तोच, आणि गिऱ्हाइकाच्या खात्यात आलेले पैसे जमा धरणाराही तोच. टॅलीत दोन्हीचे अधिकार त्याच्या एकाच युजरवर. मंजुरीची सही महिनाअखेरीस गठ्ठ्यावर व्हायची. समजा, असा माणूस समोरच्या खरेदीवाल्याशी संगनमत करून दहा नग जास्त रिजेक्ट दाखवेल, तर समोरच्याला माल फुकट पडतो आणि रक्कम दोघांत वाटता येते. आणि येणं बाकी बरोबर आहे का, असं गिऱ्हाइकाला विचारणारं बॅलन्स कन्फर्मेशनचं पत्र पाठवून उपयोग शून्य, कारण ती क्रेडिट नोट दोघांच्याही पुस्तकात असते. बाकी रुपयाला रुपया जुळते. म्हणून नुसत्या बाकीवर समाधान मानू नका, खातेउतारा मागवा आणि प्रत्येक क्रेडिट नोटेसमोर गेटची नोंद लावा.

मी शेरा लिहिला : आवक रजिस्टर, काटापावती आणि क्वालिटीचा रिपोर्ट, तिन्ही जोडल्याशिवाय क्रेडिट नोट नको, आणि करणारा व पैसे नोंदवणारा वेगळा हवा. मालकांनी वाचून मान हलवली. अकौंटंट माझ्याशी दुपारच्या चहापर्यंत बोलले नाहीत.

आधीच सांगायला हवं होतं ते आता आठवलं. बिलावरून गेट रजिस्टरकडे गेलात तर खोटं बिल सापडतं. बिलाविना बाहेर पडलेला माल सापडायचा तर उलट जायचं, गेटच्या जावक नोंदीवरून बिलाकडे. मी एक-एक फेरी दोन्हीकडून मारतो. आणि "तुम्ही तपासता का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "मागच्या वेळी काय अडवलं होतं, ते दाखवा" म्हणा. इथे उधारीची मर्यादा ओलांडली म्हणून अडवलेली एक ऑर्डर त्यांनी लगेच दाखवली, त्यामुळे ती तपासणी खरी चालते हे कळलं.

मार्चअखेरचं ऑडिट असेल तर एप्रिल-मेच्या क्रेडिट नोटाही मागून घ्या. टार्गेट गाठायला मार्चच्या शेवटी फुगवलेली विक्री बहुधा त्याच रस्त्याने परत येते, नोटेवर कारण म्हणून "रिजेक्शन" असंच लिहिलेलं असतं, आणि गेटवर त्या तारखेला गाडीच आलेली नसते.