तबल्यासमोर उघडी राहणारी वही

"सर, रियाजाची वही पुढ्यात उघडी ठेवली की दोन मिनिटांत मिटते. दोन्ही हात तबल्यावर, धरणार कशी? तुमची वही कशी काय पसरून राहते?"

ती शिवलेली आहे म्हणून. बाजारातल्या बऱ्याचशा वह्यांना परफेक्ट बाइंडिंग असतं. त्यात पानांच्या घड्या कापून टाकतात आणि सुट्या कडांवर गरम गोंदाचा थर देतात. तो थर वाळला की कडक होतो आणि पानं मुळाशी घट्ट धरून ठेवतो. म्हणून वही मिटते, आणि जोरानं दाबून उघडली तर गोंद तडकून पानं हातात येतात.

रियाजाच्या वहीसाठी मी चार-चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडतो. त्याचा सोळा पानी फर्मा होतो. प्रत्येक फर्म्याच्या घडीतून दोरा जातो आणि तोच दोरा शेजारच्या फर्म्याला बांधतो. पाठीवर लवचीक पांढऱ्या गोंदाचा पातळ हात आणि मलमलीची पट्टी, बस. मुखपृष्ठाची पाठ मात्र फर्म्यांना चिकटवायची नाही. वही उघडली की फर्म्यांची पाठ कव्हरपासून सुटी होऊन वर उचलली गेली पाहिजे. तिथे गोंद लागला तर शिवण्याची सगळी मेहनत वाया.

दुसरी गोष्ट कागदाच्या धाग्याची, म्हणजे ग्रेनची. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं पडलेले असतात आणि ते वहीच्या पाठीला समांतर हवेत. आडवे आले तर पान वळत नाही, ताठ उभं राहतं. झेरॉक्सच्या ए-फोर कागदाचा ग्रेन बहुधा लांबीच्या दिशेनं असतो. तो दुमडून ए-फाइव्ह वही केली की नेमका आडवा येतो. घरी शिवलेली वही फुगते, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. कागदाचा चौकोनी तुकडा घ्या आणि दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेनं सहज वाकेल, घडी त्या दिशेनं घालायची.

वही तीनच महिन्यांची का, असंही विचारतात. रोज समोरासमोरची दोन पानं द्यायची तर वर्षाला ७३० पानं होतात. ८० जीएसएमच्या कागदात ती जाडी साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे जाते. अशी वही सुरुवातीला आणि शेवटाला एका बाजूला कलते. तिमाहीत जास्तीत जास्त ९२ दिवस, म्हणजे १८४ पानं. नाव, तालांची यादी वगैरेंसाठी आठ धरली की १९२, म्हणजे बरोबर बारा फर्मे आणि जाडी सुमारे एक सेंटिमीटर. त्या आठांपैकी पाच पानं पुढे ठेवली की पहिला दिवस सहाव्या पानावर, म्हणजे डावीकडे सुरू होतो. मागे उरलेली तीन गुरुजींच्या शेऱ्यासाठी.

आखणी दोन्ही पानांवर आठ मिलिमीटरची. देवनागरीला वर वेलांटी-रफार, खाली उकार. याहून दाट ओळींत वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात अडकतो. वर-खाली समास सोडून बावीस ओळी बसतात. उजव्या पानावर फिकट उभ्या रेघांनी प्रत्येक ओळीचे तीस मिलिमीटरचे चार घर केले आहेत. एका ओळीत बोल, तिच्या खालच्या ओळीत चिन्हं. तीनतालातला दिल्लीचा कायदा बराबरीत लिहिला तर 'धा धा ति ट' ही एक ओळ, 'धा धा तिं ना' दुसरी, 'ता ता ति ट' तिसरी, 'धा धा धिं ना' चौथी. खाली अनुक्रमे ×, २, ०, ३. दुगुणीत एकेका घरात दोन बोल लिहून खाली अर्धचंद्र काढायचा. पानावर दोन आवर्तनं मावतात आणि बोलांच्या तीन ओळी उरतात. त्यात तिहाई लिहा.

रेघा काळ्या शाईचा टिंट देऊन छापल्या तर इतक्या बारीक रेघेचे ठिपके होतात. म्हणून सगळी वहीच एका राखाडी शाईत छापतो. प्रश्नांचा टाइप जाड असल्यानं तीच शाई तिथे गडद वाटते.

डाव्या पानावर प्रश्न तीनच. 'आज काय वाजवलं, कोणत्या लयीत?' 'हात कुठे अडकला?' 'उद्या पहिलं काय?' पहिल्याचं उत्तर आकड्यात मागतो, मिनिटाला किती मात्रा, कारण 'मध्य लय' म्हटलं की प्रत्येकाची वेगळी असते. दुसऱ्याला बोलाचं नाव लिहायचं, 'तिरकिट' किंवा 'धिरधिर', नुसतं 'डावा हात' नाही. 'आज रियाज कसा झाला?' हा प्रश्न बरेच जण सुचवतात. तो मी घालत नाही. त्याला रोज 'बरा' हेच उत्तर येतं.