आमची वाटचाल : पावाचा ढाळ आणि चौदा फुटी पत्रे

हिंगणघाटहून वर्धेकडे निघालं की रस्त्याच्या कडेला आमचं फॅब्रिकेशनचं दुकान लागतं. २००९ साली एक वेल्डिंग मशीन, एक कटर आणि भाड्याचं टिनाचं शेड घेऊन सुरुवात केली. पहिली दोन वर्षं गेट, खिडक्यांच्या जाळ्या, बंडीचे जू-साटे हीच कामं असायची. छपराची कामं २०११ पासून मिळू लागली, कारण गावोगावी लोक कवेलू उतरवून पत्रे टाकायला लागले होते. आज आमचं पोट या छपरांवरच आहे. छपरात आम्ही जे शिकलो ते बहुतेक एकाच गोठ्यावर शिकलो, म्हणून त्या गोठ्याची गोष्ट नीट सांगतो.

गोठा समुद्रपूरच्या बाजूचा. भिंतीच्या बाहेरून बाहेर रुंदी चोवीस फूट, लांबी चाळीस फूट, मधोमध आढं, दोन पाखी. शेतकरी काकांनी फोनवर सांगितलं, "भाऊ, पावाचा ढाळ ठेवजा, आमच्या बाबानं तसंच ठेवलं होतं." मी हो म्हणालो आणि हिशोबाला बसलो. माझ्या डोक्यात पावाचा ढाळ म्हणजे चार फूट आडवं गेलं की एक फूट चढ. अर्धी रुंदी बारा फूट, म्हणजे आढ्याची उंची तीन फूट. त्या मापाने मधल्या तीन कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, दुकानातच जुळवल्या, पत्र्यांची ऑर्डर दिली आणि सगळं ट्रॉलीत घालून नेलं.

साइटवर गेलो तर दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती गवंड्याने बांधून ठेवल्या होत्या, आणि त्यांचं टोक सहा फुटांवर होतं. काकांच्या बाबाच्या काळातला सुतार आढ्याची उंची पूर्ण रुंदीच्या पाव हिश्श्याने धरायचा. चोवीसचा पाव सहा. कवेलूला तेवढा उभा ढाळ लागतोच, नाहीतर पाणी सांध्यातून आत येतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. शब्द एक होता, त्याचे अर्थ दोन निघाले आणि विचारायचं काम माझं होतं. भिंती उतरवायला काका तयार नव्हते, कारण वर कुटार ठेवायला त्यांना माळा करायचा होता.

आता या तीन फुटांच्या फरकाने वाशाला काय होतं ते पाहा. अर्धी रुंदी आडवी, आढ्याची उंची उभी आणि वासा तिरपा, असा काटकोन त्रिकोण होतो. अर्ध्या रुंदीचा वर्ग आणि उंचीचा वर्ग यांची बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. एवढंच गणित आहे. आम्ही ते पहिल्यापासून इंचात करतो. बारा फूट म्हणजे १४४ इंच, तीन फूट म्हणजे ३६ इंच. वर्ग २०७३६ आणि १२९६, बेरीज २२०३२, वर्गमूळ १४८.४. म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून आढ्यापर्यंत वासा १२ फूट साडेचार इंच.

इंचात का, तर आमच्या एका पोराने हाच हिशोब फुटात केला होता. कॅल्क्युलेटरवर १२.३७ आलं आणि त्याने पाईप १२ फूट पावणेचार इंचांवर कापला. पॉइंटच्या पुढचे ३७ हे फुटाचे शंभरातले भाग आहेत, इंच नाहीत. त्यांना बाराने गुणलं की साडेचारच्या आसपास इंच येतात. पोरगं हुशार होतं, कॅल्क्युलेटरही बरोबर होतं, तरी प्रत्येक पाईप पाऊण इंचाने आखूड पडला आणि आढ्यावर वेल्डिंग भरायला फट राहिली.

वळचण दीड फूट बाहेर हवी, तर तीही तिरप्या मापानेच धरायची. भिंतीपर्यंतचा वासा १४४ ला १४८.४ झाला, म्हणजे प्रत्येक इंचाला १.०३१. अठरा इंचांचे साडेअठरा. एकूण १६७ इंच, १३ फूट ११ इंच. वर आढ्याशी पत्रा दोन इंच मागे ठेवतो, तिथे वरून आढ्याचं कॅप बसतं. खाली वाशाच्या टोकाबाहेर तीन इंच सोडतो, म्हणजे पाणी पाईपावर न येता सरळ खाली पडतं. दोन वजा, तीन अधिक. पत्रा बरोबर चौदा फूट. मी तोच मागवला होता.

सहा फूट उंचीला मात्र गुणक १.११८ होतो. भिंतीपर्यंतच वासा १६१ इंच आणि वळचणीसह १८१ इंच, म्हणजे १५ फूट १ इंच. पत्रा हवा १५ फूट २ इंच, माझ्याकडे होता चौदा फुटी. चौदा इंचांनी आखूड. कलरकोटेड पत्रा कारखान्यातून मापावर कापून येतो, एकदा कापला की परत घेत नाहीत. कैच्या मी माझ्या खर्चाने नव्या पाईपाच्या केल्या, पत्रे मात्र तेच चढवले. दीड फुटाची वळचण आठ इंचांवर आली आणि कैचीच्या पाईपांची टोकं पत्र्याबाहेर उघडी दिसू लागली. जुलैत झड लागली तेव्हा पश्चिमेच्या भिंतीचा पाया भिजला, आतल्या गव्हाणीपर्यंत ओल आली. काका काही बोलले नाहीत, फक्त मला बोलावून भिंतीला हात लावायला सांगितलं. दिवाळीनंतर आम्ही खाली एक पाईप जास्तीचा टाकला आणि वीस-वीस इंचांचे तुकडे वरच्या पत्र्याखाली सहा इंच सरकवून बसवले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून ढाळ आम्ही शब्दात घेत नाही. पावाचा, पंधराचा, बरा उभा असं कोणी म्हटलं तरी एकच विचारतो: भिंतीच्या माथ्यापासून आढं किती फूट किती इंच वर? "पंधराचा" म्हणणाऱ्याच्या मनात पंधरा अंश असतात की शंभराला पंधरा, हेही असंच. चोवीस फुटी रुंदीवर पंधरा अंशाला आढं जवळपास ३ फूट अडीच इंच वर जातं, शंभराला पंधराने १ फूट साडेनऊ इंच. गिऱ्हाइकाला सांगता येत नसेल तर भिंतीशी बांबू उभा करून खुणेवर बोट ठेवायला लावतो. दहा फुटांना एक फुटाहून कमी ढाळ कोणी मागितला तर आम्ही काम घेत नाही. तिथे पाणी रेंगाळतं आणि जोडातून उलटं चढतं.

रुंदीही बाहेरून बाहेर घेतो. नऊ इंची भिंत असली की आतून टेप लावणाऱ्याचे दोन्ही मिळून दीड फूट जातात, म्हणजे एका पाखीचे पाऊण फूट.

पत्र्यांच्या संख्येत आम्ही छपराच्या कामाच्या दुसऱ्या वर्षी फसलो. चाळीस फुटी इमारत, दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर, म्हणजे छप्पर बेचाळीस फूट. पत्र्याची रुंदी साडेतीन फूट. बेचाळीस भागिले साडेतीन, बरोबर बारा. दोन पाखींना चोवीस. चौरस फुटांनी ताळा केला तरी चोवीसच येतात, म्हणून शंका आलीच नाही. पण पत्रा शेजारच्या पत्र्यावर चढतो. साडेतीन फुटी पत्रा जोडानंतर एक मीटर झाकतो, म्हणजे ३ फूट सव्वातीन इंच. बारावा पत्रा बसला तेव्हा पूर्वेकडे सुरू केलेली पाखी पश्चिम टोकाला जवळपास अडीच फूट उघडी होती. बेचाळीसला ३.२८ ने भागलं तर १२.८ येतात, म्हणजे तेरा. दोन पाखींना सव्वीस. पाखी वेगवेगळी भागायची आणि प्रत्येकीचा अपूर्णांक वरच्या आकड्यावर न्यायचा. दोन्हींची लांबी एकत्र करून चौऱ्याऐंशीला भागलं तर २५.६ येतात, तेव्हाही सव्वीसच होतात, पण दुसऱ्या मापात हाच शॉर्टकट एक पत्रा खातो. दुकानदाराकडे पत्रा घेताना टेप आडवा धरून एका टोकाच्या उंचवट्याच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या उंचवट्याच्या मध्यापर्यंत मोजावा. पत्रा झाकतो ते माप हेच, आणि प्रत्येक डिझाइनमध्ये ते वेगळं असतं.

पूर्वेकडून सुरू करण्याचं कारण आपल्याकडचा पावसाळी वारा. तो पश्चिमेकडून येतो. पूर्वेकडून पत्रे टाकत पश्चिमेला गेलं की नवा पत्रा आधीच्यावर चढतो आणि जोडाचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहतं.

साधा जीआय पत्रा घेणारे अजून बरेच आहेत. तो ठरलेल्या लांबीतच मिळतो, दहा आणि बारा फूट जास्त चालतो. चौदा फुटी पाखीला त्यात लांबीत जोड येतो, मग चौदात सहा इंच लॅपचे मिळवून साडेचौदा फूट लागतात. बारा आणि तीन, किंवा दहा आणि पाच. त्या जोडाखाली पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो तो आडवा पाईप, आलीच पाहिजे, म्हणून पर्लिनची आखणी पत्र्याची लांबी ठरल्यावर करतो, आधी नाही.

शेवटचं माप कर्णाचं. चोवीस बाय चाळीसच्या इमारतीचा कर्ण ४६ फूट पावणेआठ इंच. दोन्ही कर्ण सारखे आले तर इमारत गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. गेल्या वैशाखात वायगावकडच्या एका कापसाच्या गोदामाचे दोन कर्ण पाच इंचांनी वेगळे निघाले. अशा इमारतीवर पत्रे भिंतीच्या रेषेने लावत गेलं तर वळचणीला करवतीसारखे दाते दिसतात आणि आढ्यावर दोन पाखींच्या नाळ्या समोरासमोर येत नाहीत. तिथे आम्ही आढ्याला सुतळी बांधली, तिच्याशी तीन-चार-पाचने काटकोन काढून पहिला पत्रा त्या रेषेवर टाकला, आणि भिंतीचा तिरकसपणा टोकाच्या पत्र्यात कापून काढला. त्यासाठी टोकाला एक फूट बाहेर ठेवलेला उपयोगी पडला.

आता आमच्या ऑर्डरच्या कागदावर वरच चार रकाने आहेत: बाहेरची रुंदी, आढ्याची उंची इंचात, दोन्ही कर्ण, आणि पत्रा किती झाकतो. ते भरल्याशिवाय पोरं कटर चालू करत नाहीत. वीस फुटी म्हणून मिळणारा पाईप प्रत्यक्षात सहा मीटर, म्हणजे १९ फूट ८ इंच असतो. त्यातून १३ फूट ११ इंचांचा वासा काढला की पावणेसहा फुटांचा तुकडा उरतो, आणि तीन फुटी आढ्याच्या कैचीचा मधला खांब त्याच तुकड्यातून निघतो. समुद्रपूरच्या त्या काकांनी दोन वर्षांपूर्वी मुलासाठी दुसरा गोठा बांधला, तेव्हा टेपचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं आणि उंची सांगताना "सहा फूट, बाहत्तर इंच" असं दोनदा सांगितलं.