एक्कावन्नाव्या वर्षी 'प्रेग्नन्सी पॉझिटिव्ह'

पित्ताशयातल्या खड्यांनी दोनदा रात्र जागवल्यावर दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं. गुरुवारची तारीख मिळाली. मंगळवारी रक्त दिलं आणि संध्याकाळी हॉस्पिटलमधून फोन आला, "मॅडम, ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. तुमचा बीटा एचसीजी पॉझिटिव्ह आहे."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "कसला?"

"प्रेग्नन्सीचा."

मला एक्कावन्नावं चालू होतं आणि शेवटची पाळी नऊ महिन्यांपूर्वी येऊन गेली होती. हे नऊ महिने नेमके असे बसले की नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो पुढचे दोन तास एक शब्द बोलला नाही, फक्त माझ्या पोटाकडे बघत राहिला. त्या रात्री तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून स्ट्रिप घेऊन आला. दुकानदार ओळखीचा असल्यामुळे "मुलीसाठी" असं सांगून आला, आणि मुलीचं अजून लग्न ठरायचं आहे. स्ट्रिपवर एकच रेघ आली, म्हणजे निगेटिव्ह. आम्ही दोघं निवांत झोपलो. तो निवांतपणा चुकीचा होता हे दुसऱ्या दिवशी कळलं.

रिपोर्टवर आकडा होता ९.४. पाचच्या खाली निगेटिव्ह, वर पॉझिटिव्ह, अशी त्या लॅबची सीमा. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आधी स्ट्रिपचाच विषय काढला. घरच्या स्ट्रिपला दुसरी रेघ उमटवायला लघवीत साधारण २० ते २५ एवढं एचसीजी, म्हणजे गरोदरपणातलं हॉर्मोन, लागतं. नऊ असेल तर ती कोरीच राहणार, मग ते नऊ कुठूनही आलेलं असो. तेव्हा आमच्या एका रेघेने काहीच सिद्ध झालं नव्हतं.

मग त्यांनी औषधं विचारली. वजन कमी करायची इंजेक्शनं घेतलीत का, कारण काही ठिकाणी त्यासाठी एचसीजीच टोचतात. वंध्यत्वाच्या उपचारात अंडं फुटायला देतात ते इंजेक्शनही एचसीजीचंच असतं, आणि ते दिल्यावर दहा-चौदा दिवस टेस्ट पॉझिटिव्ह दिसू शकते. यातलं माझं काहीच नव्हतं. मी रक्तदाबाची एक गोळी घेते आणि केस गळतात म्हणून बायोटिनची. बायोटिनचं नाव ऐकताच शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, "मग त्यामुळेच असेल, त्याने रिपोर्ट चुकतात ना!" डॉक्टरांनी मान हलवली. बायोटिन रिपोर्ट चुकवतं खरं, पण या टेस्टमध्ये ते सहसा उलटं काम करतं. आकडा खाली दाखवतं. म्हणजे माझा खरा आकडा नऊपेक्षा जास्तही असू शकत होता. केसांसाठी मी वर्षभर घेत असलेली निरुपद्रवी गोळी त्या क्षणी मला पहिल्यांदाच वाकडी वाटली. ती बंद केली. (केस तसेही गळतच होते.)

त्याच दुपारी सोनोग्राफी झाली. गर्भाशय रिकामं, आतलं अस्तर पातळ, नळ्यांच्या बाजूला काही नाही. मला वाटलं, संपलं. पण एवढ्या कमी आकड्याला पोटात असलेलंही सोनोग्राफीत दिसत नाही, असं बाईंनी सांगितलं. नळीतला गर्भ हीच सगळ्यात मोठी धास्ती. तो फुटला तर जिवावर बेतणार, आणि त्यात भूल देऊन पित्ताशय काढायला घेतलं तर आणखीच गोंधळ.

म्हणून शुक्रवारी, दोन दिवस सोडून, पुन्हा रक्त दिलं. तोपर्यंत बायोटिन बंद होऊन दोन दिवस झाले होते. सुरुवातीच्या दिवसांत गर्भ नीट वाढत असला तर दोन दिवसांत आकडा निदान दीडपट होतो, आणि गर्भपात होत असला तर भराभर उतरतो. माझा आला ९.७. ना चढला, ना उतरला. त्याच सुईतून काढलेली एक बाटली त्यांनी दुसऱ्या लॅबला पाठवली होती, मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं मशीन असलेल्या. तिथे ९.१.

ही दुसरी बाटली कशासाठी, ते मी विचारलं, आणि मला वाटतं या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच कळलं. काही माणसांच्या रक्तात अशी अँटीबॉडी असते की ती टेस्टमधल्या रसायनांनाच चिकटते आणि नसलेलं एचसीजी दाखवते. मशीन बदललं की बहुतेक वेळा हा भूत-आकडा पार बदलतो किंवा नाहीसा होतो. अशी अँटीबॉडी लघवीत उतरत नाही, म्हणून रक्तातला आकडा चांगला मोठा असून लघवी निगेटिव्ह असेल तर संशय घ्यायचा. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये अशा १२ बायकांची हकीकत छापून आली होती. त्यांना कॅन्सर आहे असं समजून केमो आणि शस्त्रक्रियासुद्धा झाल्या होत्या, आणि आजार मुळात नव्हताच. माझे दोन्ही आकडे जुळत होते, म्हणजे माझ्यात भूत नव्हतं. एचसीजी खरोखरच होतं. पण ते कोण बनवत होतं?

उत्तर मेंदूच्या तळाशी निघालं. पिट्यूटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथी अंडाशयाला कामाला लावते. पाळी जायच्या सुमाराला अंडाशय दाद देईनासं होतं, तसा तिचा आवाज चढत जातो, आणि त्या भरात तिच्या इतर हॉर्मोनांबरोबर थोडं एचसीजीही बाहेर पडतं. एरवीही ती ते बनवते, पण इतकं थोडं की मशीनला दिसत नाही. पाळी जाण्याच्या आसपासच्या बायकांत याने आकडा सहसा १४च्या आतच राहतो. पटवायची सोपी वाट म्हणजे एफएसएच, पिट्यूटरीचं अंडाशयाला कामाला लावणारं हॉर्मोन. गर्भ असेल तर ते अगदी खाली दबलेलं असतं, आणि माझ्या वयात ४५च्या वर असेल तर बोट पिट्यूटरीकडेच जातं. माझं आलं ८२.

"हॉर्मोनच्या गोळ्या दोन-तीन आठवडे दिल्या तर हा आकडा खाली येतो, म्हणजे शंभर टक्के खात्री," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला पित्ताचे खडे, त्यात रक्तदाब, आणि ऑपरेशन तोंडावर. रक्ताच्या गुठळीचा धोका मी फक्त एका कागदासाठी ओढवून घेणार नाही. पंधराच्या वर असता किंवा चढत असता, तर गोष्ट वेगळी होती."

मला ते पटलं. सर्जनसाहेबांना मात्र पटायला आणखी चार दिवस आणि एक तिसरा आकडा लागला, ९.५. त्यांच्या फॉर्मवर एकच चौकोन होता: प्रेग्नन्सी, हो किंवा नाही. शेवटी बाईंनी त्या चौकोनाच्या बाजूला हाताने लिहून सही केली आणि बुधवारी पित्ताशय निघालं. खडे अकरा होते. नवऱ्याने ते डबीत घालून घरी आणले, का ते विचारू नका.

चार महिन्यांनी पाठदुखीसाठी सीटी स्कॅन करायला गेले, तर तिथेही आधी रक्त घेतलं. १०.२. रिसेप्शनवरची मुलगी स्क्रीनकडे बघून थबकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, जरा बाजूला येता का?" मी पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटातला कागद काढला. त्यावर आधीच्या तिन्ही तारखांचे आकडे होते, एफएसएच होतं आणि खाली बाईंची सही. तिने तो दोनदा वाचला, आत डॉक्टरांना दाखवून आली आणि मला गाऊन दिला.