अर्जाच्या मेलमधल्या वरच्या दोन ओळी: माझा अनुभव

नोकरीच्या अर्जाचा मेल पाठवताना माझं सगळं लक्ष रेझ्युमेकडे असायचं. मेलमध्ये नेहमीचा मजकूर: 'आदरणीय महोदय, आपण दिलेल्या जाहिरातीच्या अनुषंगाने मी सदर पदासाठी अर्ज करत असून सोबत माझा बायोडाटा जोडला आहे.' आमच्याकडे बहुतेक जण असंच लिहितात आणि त्यात वावगं काही नाही. पण गेल्या वर्षी आमच्याच फर्ममध्ये ज्युनिअर अकाउंटंट हवा होता, तेव्हा आलेले मेल चाळायचं काम शेठजींनी माझ्यावर टाकलं. फोनवर यादी उघडली की प्रत्येक मेलचं दिसतं किती? पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराची सुरुवातीची जेमतेम एक ओळ. त्या ओळीत एकजात सगळीकडे 'आदरणीय महोदय, आपण दिलेल्या जाहिरातीच्या...' एवढंच. कोणता मेल आधी उघडायचा हे ठरवायला हाताशी काहीच नव्हतं. मी सरळ वरून खाली उघडत गेलो, आणि जेवणाची सुट्टी झाल्यावर उरलेल्यांचं काय झालं ते सांगायला नको.

माझ्यावर अर्ज करायची वेळ आली तेव्हा हे डोक्यात होतं. जागा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, सीनिअर अकाउंटंटची. जाहिरातीत मागणी अशी: टॅली, जीएसटी, टीडीएस, पाच ते सात वर्षांचा अनुभव, आणि 'उत्पादन क्षेत्रातला अनुभव असल्यास प्राधान्य'. मी बी.कॉम., सात वर्षं नाशिकमधल्याच एका इलेक्ट्रिकल साहित्याच्या ट्रेडिंग फर्ममध्ये. म्हणजे शेवटची अट सोडून बाकी सगळं जुळत होतं. मेल इंग्रजीतच जाणार होता, पण विचार मराठीत केला आणि इथेही मराठीतच देतो.

वरच्या दोन ओळींचा पहिला खर्डा मी जे जे येतं ते सगळं कोंबून केला. टॅली, एक्सेल, जीएसटी, टीडीएस, ई-वे बिल, बँक रिकन्सिलिएशन, पगारपत्रक, पीएफ, स्टॉक. पुण्यात एका कंपनीच्या एचआरमध्ये काम करणाऱ्या माझ्या मावसबहिणीला तो पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"अरे, यात तुला काय काय येतं ते कळतंय. तू दिवसभर तिथे बसून काय करतोस, ते कुठाय?"

"सगळंच करतो गं ताई."

"मग सगळ्यातलं कोणतं काम तू नसलास तर अडतं, ते सांग. आणि आकड्यात सांग."

आकडा आणायचा कुठून, हा खरा प्रश्न होता. अकाउंट्सच्या माणसाला विक्रीवाल्यासारखं 'धंदा इतका वाढवला' असं लिहिता येत नाही. फर्मची उलाढाल लिहिण्याचा मोह होतो, पण तो आकडा मालकाचा आहे, आपला नाही. आज यांचा बाहेर सांगितला तर उद्या आमचाही सांगेल, असं समोरच्याला वाटणारच. मग टॅलीतला Statistics रिपोर्ट उघडला. कोणत्या प्रकारची किती व्हाउचर झाली हे त्यात ओळीने दिसतं: विक्री, खरेदी, पावत्या, पेमेंट, जर्नल. वर्षाच्या बेरजेला बाराने भागलं तर महिन्याला आठशेच्या आसपास निघाली. हा आकडा माझा, कारण ती कामं माझ्या हाताखालून जातात. शिवाय वाचणाऱ्या अकाउंट्स मॅनेजरला तो लगेच उमगतो. आठशे व्हाउचर म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर कामाचा आकार उभा राहतो. 'प्रचंड व्याप' म्हटलं की राहत नाही.

त्यानंतर अडकलो ते क्रियापदावर, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. 'जीएसटी व टीडीएस रिटर्न्स पाहतो' असं मी लिहिलं होतं. 'पाहतो' म्हणजे काय? लहान फर्ममध्ये रिटर्नची माहिती अकाउंटंट तयार करतो आणि भरतं सीएंचं ऑफिस, हे मुलाखत घेणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. त्यामुळे त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "रिटर्न तुम्ही भरता की सीए?" उत्तर तिथे डळमळीत झालं तर वरच्या दोन्ही ओळी फुकट.

म्हणून एकेक काम वेगळं काढलं. जीएसटीचं आमच्याकडे मीच भरतो. ओटीपी शेठजींच्या मोबाइलवर येतो आणि ते फोनवर सांगतात, एवढाच त्यांचा भाग. टीडीएसची कपात आणि महिन्याचं चलन माझ्याकडे, पण तिमाही रिटर्न सीएंकडून जातं. ताळेबंद मी ऑडिटला देण्याइतपत करून ठेवतो, त्यावर सही-शिक्का सीएंचा. मग 'भरतो' हे क्रियापद फक्त जीएसटीला लावलं, टीडीएसला 'कपात व चलन' एवढंच. ओळ थोडी लहान झाली, पण तिच्यातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवलं तरी पुढे दहा मिनिटं बोलता येईल अशी झाली.

जीएसटीबद्दल नुसतं 'भरतो' लिहिणंही मला पचेना, कारण भरणं ही शेवटची पायरी. खरी कसरत असते ती महिन्याच्या १४ ते २० तारखेच्या मध्ये. १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी येते, २० तारखेपर्यंत ३बी हे महिन्याचं रिटर्न भरायचं. मधल्या दिवसांत आपल्या खरेदीच्या नोंदी २बीशी जुळवायच्या. ज्या पुरवठादाराने आपलं विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-१, भरलेलं नाही त्याचं बिल तिथे दिसत नाही, कराचं क्रेडिट अडकतं, आणि मग फोनाफोनी सुरू. हे जो करतो त्याला 'जीएसटीचा दांडगा अनुभव' लिहायची गरज नाही, '२बी जुळवणी' हे दोन शब्द पुरतात. या क्षेत्रातला माणूस ते वाचून ओळखतो. एचआरला कदाचित नाही कळणार, पण एचआर तो मेल ज्याच्याकडे पुढे ढकलणार आहे त्याला कळेल.

उरली ती उत्पादन क्षेत्राची अट. ताईचं म्हणणं होतं की जे नाही त्याची वाच्यता त्या ओळींत करू नकोस, पण त्याच्या सगळ्यात जवळचं जे आहे ते पुढे आण. विचार करताना आठवलं, की आमची फर्म काही सुटे भाग प्लेटिंगसाठी बाहेर जॉबवर्कला पाठवते. त्या मालाची डिलिव्हरी चलनं, परत आलेल्या मालाचा मेळ आणि आयटीसी-०४ हे जॉबवर्कचं जीएसटी विवरणपत्र गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. आमच्या रोजच्या धबडग्यात हे काम इतकं बारीक की रेझ्युमेत दुसऱ्या पानावर तळाशी गेलं होतं. पण अंबडच्या कारखान्यांमधून प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, मशिनिंग असलं काय काय बाहेर करून घेतात. म्हणजे त्यांच्या दृष्टीने हीच बातमी होती.

शेवटी ओळी अशा झाल्या:

'ट्रेडिंग फर्ममध्ये सात वर्षं अकाउंट्स सांभाळतो: महिन्याला सुमारे ८०० व्हाउचर, २बी जुळवणीसह जीएसटी रिटर्न्स स्वतः भरतो, टीडीएस कपात व चलन, ऑडिटसाठी ताळेबंद तयार. जॉबवर्कला जाणाऱ्या मालाची चलनं, मेळ आणि आयटीसी-०४ तीन वर्षं माझ्याकडे. नाशिकमध्येच राहतो, ३० दिवसांत रुजू होऊ शकतो.'

रुजू होण्याची मुदत दुसऱ्या ओळीत घालण्याचा आग्रह ताईचा. तिच्या मते एचआरवाले फोन करतात त्यात पहिल्या दोन प्रश्नांत हा एक असतोच, आणि बाहेरगावचा उमेदवार घर बघेपर्यंत दोन महिने काढतो ही त्यांची धास्ती. पगाराची अपेक्षा मात्र तिने घालू दिली नाही. जाहिरातीत विचारली असेल तर खाली, शेवटी.

मग मी तो मेल आधी स्वतःलाच पाठवून फोनवर यादीत कसा दिसतो ते पाहिलं. 'आदरणीय महोदय' आणि 'सप्रेम नमस्कार' मिळून अर्धी जागा खात होते. मायना अजिबात गाळणं आपल्याकडे उद्धट वाटतं, त्यामुळे 'नमस्कार,' एवढाच ठेवला. जाहिरातीचा संदर्भ उचलून विषयात नेला: 'सीनिअर अकाउंटंट पदासाठी अर्ज, ७ वर्षं, नाशिक'. आता न उघडताही 'ट्रेडिंग फर्ममध्ये सात वर्षं...' इथपर्यंत दिसत होतं. '८०० व्हाउचर' दिसावं म्हणून सुरुवात उलटी करून पाहिली, पण कोण बोलतंय ते कळायच्या आत आकडा आला की ओळ जाहिरातीसारखी वाटते, म्हणून राहू दिलं.

त्याच आठवड्यात एका औषध वितरकाकडेही अर्ज केला. तिथे जॉबवर्कचं काय करायचंय? पहिली ओळ जशीच्या तशी ठेवून दुसरी बदलली: दोनशेच्या वर दुकानदारांची येणी, दर सोमवारी किती दिवस थकलंय त्यानुसार थकबाकीची यादी, धनादेश परत आल्यास पाठपुरावा. त्यांना दुकानदारांकडून पैसे वसूल व्हायला हवे असतात, म्हणून. दोन्हींसाठी एकच मजकूर करता आला असता, पण मग दोघांनाही तो आपल्यासाठी वाटला नसता. पोर्टलवर फॉर्म भरून द्यायचे अर्ज असतात तिथे मात्र या खटाटोपाला फारसा अर्थ नाही, तिथे मेल कुणी वाचतच नाही. तिथे याच ओळी रेझ्युमेच्या माथ्यावर टाकल्या.

वितरकाकडून उत्तर आलं नाही. अंबडहून फोन आला. मुलाखतीला गेलो तर अकाउंट्स मॅनेजरच्या टेबलावर माझ्या मेलची प्रिंट, दुसऱ्या ओळीतल्या 'आयटीसी-०४'खाली पेनाची रेघ. रेझ्युमे तिच्याखाली होता. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "चलनावर पाठवलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर तुम्ही काय करता?"

मी सांगितलं, की मग तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरलं जातं, कर व्याजासकट भरावा लागतो, त्यामुळे दहाव्या महिन्यातच मी जुन्या चलनांची यादी काढून जॉबवर्करच्या मागे लागतो.

"यादी टॅलीतून काढता का?"

"नाही सर, एक्सेलमध्ये वेगळी ठेवतो. चलन नंबर, तारीख, गेलेला नग, आलेला नग आणि भंगार."

"भंगाराचा रकाना ठेवता?" असं म्हणून ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलले, आणि पुढचा अर्धा तास आम्ही भंगारावरच बोलत होतो.